दीड तासाची शिकवणी आणि बारा कार्डं

माझी भाची यंदा दहावीला आहे. आठवड्यातून तीन दिवस ती संध्याकाळी सायकल घेऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी येते आणि आम्ही दीड तास विज्ञान करतो. गेल्या महिन्यात 'उष्णता' हा धडा चालू होता. त्यातला अप्रकट उष्मा, म्हणजे बर्फ वितळताना किंवा पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता, एका बैठकीत झाला. जाताना मी म्हणालो, "आज जे झालं त्याची कार्डं करून आण. एका बाजूला एक प्रश्न, मागे एक उत्तर."

दोन दिवसांनी ती एक्केचाळीस कार्डं घेऊन आली. गल्लीतल्या प्रेसमधून आणलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, सुबक अक्षर, लाल शाईचे प्रश्न. मी वरचं कार्ड उचललं आणि विचारलं. तिनं डोळे वर केले, ओठ हलवले आणि म्हणाली, "लिहिलंय की मामा, पण विसरलो." (आमच्याकडच्या मुली 'विसरलो'च म्हणतात, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.) एक्केचाळीसपैकी सव्वीस कार्डांचं हेच झालं.

चूक तिची नव्हती. कार्डं करायला मी सांगितलं होतं, कशी करायची ते सांगितलं नव्हतं. तिनं वही उघडली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि प्रत्येक वाक्याचा प्रश्न केला. वहीच कापून पट्ट्या केल्यासारखं झालं होतं ते.

शिकवणीचा दीड तास म्हणजे दीड तासाची माहिती नसते, इथून सुरुवात करू. त्या संध्याकाळी काय काय झालं ते मी माझ्या वहीत थोडक्यात टिपलं होतं. पहिली वीस मिनिटं मागच्या धड्याची उजळणी. मग बर्फाचा प्रयोग: पातेल्यात बर्फ, त्यात थर्मामीटर, खाली बारीक गॅस. ते बघण्यात आणि आकडे लिहिण्यात पंचवीस मिनिटं गेली. आलेखाला पंधरा. गुऱ्हाळाच्या गप्पांना जवळपास तेवढीच. शेवटी दोन गणितं. या सगळ्यात मी एकच गोष्ट चार वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितली होती, कारण पहिल्या तीन तऱ्हांनी ती तिच्या गळी उतरली नव्हती. वहीत ती चार वेळा आली, म्हणून तिची कार्डंही चार झाली. खरं तर तिथे एकच कार्ड हवं होतं, आणि तेही चौथ्या तऱ्हेचं.

मग कार्डं शोधायची कुठे? माझा अनुभव असा की ती शिकवणाऱ्याच्या बोलण्यात कमी सापडतात आणि शिकणारा जिथे अडखळला तिथे जास्त. म्हणून आता मी शिकवताना समासात तीनच खुणा करतो. ती चुकीचं बोलली की फुली. प्रश्न विचारल्यावर बराच वेळ गप्प बसली की एक रेघ. आणि "हां, म्हणजे असंय होय!" असं म्हणाली की टिंब. दीड तासाच्या शेवटी या खुणा पंधरा-वीस असतात. कार्डं करताना आधी या खुणांकडे बघायचं. जे तिला आधीपासून येत होतं आणि एकदाही अडलं नाही, त्याचं कार्ड करायचं नाही. बर्फ 0 अंशाला वितळतो हे तिला पाचवीपासून ठाऊक आहे. त्याचं कार्ड म्हणजे रोज सकाळी स्वतःचं नाव विचारण्यासारखं.

त्या दिवशीची सगळ्यात मोठी फुली बर्फाच्या पातेल्यापाशी होती. मी विचारलं, "गॅस चालू आहे, बर्फ वितळतोय. काटा कुठे जाईल?" ती म्हणाली, "वाढत जाणार की वो, उष्णता देतोय ना आपण." आणि मग दोघांनी बघितलं, की बर्फाचा शेवटचा तुकडा शिल्लक असेपर्यंत, मध्ये मध्ये ढवळत राहिलं तर, पारा शून्याजवळच घुटमळतो. "मग गॅस जातोय कुठं?" हा प्रश्न तिनंच विचारला. माझ्या मते सगळ्या बैठकीचा गाभा तोच होता. ही सगळी देवघेव दोन-तीन मिनिटांची, पण शेवटी ठेवलेल्या बारा कार्डांपैकी तीन इथून निघाली. उलट वीस मिनिटांच्या उजळणीतून एकही निघालं नाही.

आता कार्ड फोडण्याचं काम. तिनं लिहिलेलं पहिलं कार्ड असं होतं:

प्रश्न: अप्रकट उष्मा म्हणजे काय? स्पष्ट करा.
उत्तर: पदार्थाची अवस्था बदलत असताना तापमान स्थिर असते. त्या वेळी दिलेली उष्णता रेणूंमधील बंध कमकुवत करण्यासाठी वापरली जाते. ती तापमापीवर दिसत नाही म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. बर्फासाठी ती 80 कॅलरी प्रति ग्रॅम व पाण्याच्या वाफेसाठी 540 कॅलरी प्रति ग्रॅम आहे.

परीक्षेत तीन गुणांना हे उत्तर छान आहे. कार्ड म्हणून मात्र निकामी आहे. समजा तिला तापमान स्थिर असतं हे आठवलं, 80 आठवलं, पण उष्णता कशासाठी खर्च होते ते सुटलं. आता हे कार्ड बरोबर की चूक? बरोबर धरलं तर सुटलेला भाग परत कधी विचारलाच जाणार नाही. चूक धरलं तर येत असलेलं सगळं पुन्हा पुन्हा घोकावं लागेल. मुलं अशा वेळी काय करतात? उत्तर वाचतात, "हे येतंच की मला" म्हणतात आणि बरोबरच्या गठ्ठ्यात टाकतात. वाचून ओळखीचं वाटणं आणि न बघता सांगता येणं यातलं अंतर अशा लांब कार्डांत लपून जातं.

म्हणून ते फोडलं. एका कार्डावर: 'बर्फ वितळत असताना त्याला दिलेली उष्णता कशात खर्च होते?' मागे: 'रेणूंमधली पकड सैल करण्यात.' दुसऱ्यावर: 'अवस्था बदलताना लागणाऱ्या उष्णतेला "अप्रकट" का म्हणतात?' मागे: 'थर्मामीटरवर दिसत नाही म्हणून.' तिसऱ्यावर: '0 अंशाचा 1 ग्रॅम बर्फ वितळवायला किती उष्णता?' मागे: '80 कॅलरी.' चौथ्यावर तसंच वाफेचं, 540 कॅलरी. आता प्रत्येक कार्ड एक तर येतं किंवा येत नाही, मधलं काही नाही. उत्तर एका दमात म्हणता आलं पाहिजे, ही माझी साधी कसोटी. मध्ये 'आणि' आला की मी कात्री हातात घेतो.

फोडण्यात एक खाच आहे, ती इथेच सांगतो. 80 आणि 540 ही दोन कार्डं सुटी केल्यावर ती त्यांची अदलाबदल करू लागली. दोन्ही प्रश्न दिसायला सारखे, दोन्ही उत्तरं नुसते आकडे, मग डोक्यात ती एकमेकांना ढकलत राहतात. घोकून हे सुटत नाही. मधे एक तिसरं कार्ड घालावं लागतं, जे दोघांतला फरक धरून ठेवेल. आम्ही घातलं: 'वाफ करायला बर्फ वितळवण्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता का लागते?' उत्तर: 'रेणू एकमेकांपासून पूर्ण सुटे करावे लागतात.' हे कळल्यावर मोठा आकडा कुणाचा, ते पाठ करायची गरज उरत नाही. शिवाय 80 म्हणजे केवढं, तेही एकदा हाताशी करून दिलं. 1 ग्रॅम पाणी 1 अंशानं तापवायला 1 कॅलरी लागते. म्हणजे बर्फ नुसता वितळवण्यात जेवढी उष्णता जाते तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. हे ऐकून तिनं भुवया उंचावल्या. समासात टिंब.

प्रश्नाच्या शब्दांकडे लोक फार कमी बघतात. तिच्या गठ्ठ्यात एक कार्ड होतं, 'तेव्हा तापमान का वाढत नाही?' लिहिताना 'तेव्हा' म्हणजे कधी ते तिला माहीतच होतं, पातेलं समोर होतं. तीन आठवड्यांनी ते कार्ड गुरुत्वाकर्षणाच्या आणि भिंगांच्या कार्डांमध्ये मिसळून वर येईल तेव्हा 'तेव्हा'ला काहीच अर्थ नसेल. शिकवणीत आपण 'ते', 'असं', 'मघाचं' याच शब्दांवर बोलत असतो आणि तेच शब्द नकळत कार्डावर उतरतात. म्हणून कार्ड लिहून झालं की ते घरातल्या दुसऱ्या कुणापुढे धरायचं. त्या माणसाला उत्तर आलं नाही तरी चालेल, पण प्रश्न कशाबद्दल आहे एवढं कळलं पाहिजे. माझ्या बायकोला विज्ञानाची फारशी आवड नाही, त्यामुळे या कामाला ती अगदी योग्य परीक्षक आहे.

हो-नाहीचे प्रश्न मी सरळ काढून टाकतो. 'वितळताना बर्फाचं तापमान बदलतं का?' याला डोळे मिटून 'नाही' म्हटलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं, आणि प्रश्न विचारलाय म्हणजे उत्तर 'नाही'च असणार, हे मुलं अचूक हेरतात. तोच प्रश्न 'बर्फाचा शेवटचा तुकडा वितळेपर्यंत पाणी-बर्फाचं तापमान किती राहतं?' असा केला की अंदाजाला जागा राहत नाही.

गणितांचं काय करायचं, हा प्रश्न सगळ्यात अवघड. तिनं अख्खं गणित कार्डावर उतरवलं होतं, सूत्रासकट आणि पायऱ्यांसकट. गणित हे असं होतं: 0 अंशाचा 10 ग्रॅम बर्फ आहे, त्याचं 20 अंशाचं पाणी करायला किती उष्णता लागेल? शिकवणीत तिनं झटक्यात 200 कॅलरी सांगितलं होतं: 10 ग्रॅम, 20 अंश, गुणाकार. वितळणं ती विसरलीच. खरं उत्तर असं निघतं: आधी वितळवायला 10 गुणिले 80, म्हणजे 800 कॅलरी, मग तापवायला 200, एकूण 1000. पाचातला चार भाग उष्णता तिच्या हिशेबातून गळून गेली होती.

हे गणित जसंच्या तसं कार्डावर घातलं तर तिसऱ्या वेळेला तिला '1000' पाठ होतं आणि आपल्याला वाटतं गणित आलं. गणित वहीतच सोडवावं लागतं, त्याला पर्याय नाही. कार्डावर घालायचा तो फक्त निर्णय, जिथे ती घसरली तो. म्हणून कार्ड झालं: '0 अंशाच्या बर्फापासून 20 अंशाचं पाणी करताना उष्णता किती टप्प्यांत मोजायची?' मागे: 'दोन: वितळणं, मग तापणं.' आणि सूत्र निवडण्याची दोन कार्डं:

```
तापमान बदलतंय, अवस्था तीच  →  Q = mcΔT
अवस्था बदलतेय, तापमान तेच  →  Q = mL
```

ही दोन वेगळ्या पट्ट्यांवर आहेत, प्रश्न डावीकडचा, उत्तर उजवीकडचं. Q म्हणजे उष्णता, m वस्तुमान, ΔT तापमानातला बदल, c म्हणजे 1 ग्रॅम 1 अंशानं तापवायला लागणारी उष्णता आणि L म्हणजे 1 ग्रॅमची अवस्था बदलायला लागणारी. प्रश्नात मुद्दाम सूत्राचं नाव नाही. परीक्षेत गणित समोर येतं तेव्हा त्यावर 'हे अप्रकट उष्म्याचं' अशी पाटी लावलेली नसते. काय बदलतंय हे ओळखून सूत्राकडे जायचं असतं, म्हणून कार्डही त्याच दिशेनं लिहायचं.

आता गुऱ्हाळ. बैठकीतली सगळ्यात रंगलेली पंधरा मिनिटं तीच. तिच्या आत्याच्या गावी अजून गुऱ्हाळ चालतं, आणि चुलवाणात चिपाडं सारत बसलेला माणूस, काहिलीतून उठणारी वाफ, गुळव्यानं पाण्यात थेंब टाकून पाक बघणं हे सगळं तिनं पाहिलेलं. मी विचारलं, एवढा जाळ चालू असताना रस तासभर नुसता उकळतच का राहतो, भराभर तापत का नाही? मग आमचं बोलणं रसातल्या पाण्यावर गेलं. पाणी वाफ होऊन जाताना प्रत्येक ग्रॅममागे 540 कॅलरी घेऊन जातं, जाळाचा मोठा वाटा तिकडे खर्च होतो. मग ती म्हणाली, "पण शेवटी पाक एकदम चटका देतो की, पाण्याहून जास्त." तेही खरं. पाणी कमी होत साखर दाट झाली की उकळण्याचं तापमान वर सरकतं आणि गूळ उतरवायच्या वेळी काहील 118 अंशांच्या आसपास गेलेली असते. म्हणजे रसाचं तापमान शुद्ध पाण्यासारखं 100 वर ठाम थांबत नाही.

एवढं सगळं बोलून कार्ड किती? एक. 'काहिलीत रस उकळत असताना जाळाची बहुतेक उष्णता कशात जाते?' 'पाण्याची वाफ करण्यात.' 118 अंशांचं कार्ड तिला फार करायचं होतं. मी नको म्हणालो. एक तर ते या धड्यात येत नाही. दुसरं, उकळताना तापमान स्थिर राहतं हे अजून पक्कं बसायचं होतं, आणि त्याच्या शेजारी लगेच अपवाद ठेवला असता तर दोन्ही डळमळले असते. गप्पांनी समजूत घट्ट झाली, तेवढं काम झालं. सगळ्याच गप्पांची पट्टी होत नसते.

अशा तऱ्हेनं एक्केचाळीसची बारा झाली. उरलेल्या दोघांत एक आलेखाच्या आडव्या रेषेचं होतं (ती अवस्था बदलाची) आणि एक वाफेनं भाजण्याचं: 100 अंशाची वाफ त्याच तापमानाच्या पाण्यापेक्षा जास्त का भाजते? कातडीवर तिचं पाणी होताना ती ग्रॅममागे 540 कॅलरी आणखी देते म्हणून. इथे दोन कार्डं करावीत का यावर आमचा थोडा वाद झाला, शेवटी एकच ठेवलं.

बाराचा आग्रह का, याला हिशेब आहे. आठवड्यात तीन बैठका. प्रत्येकीची बारा कार्डं म्हणजे आठवड्याला छत्तीस नवी. नवं कार्ड पहिल्या महिन्यात साधारण पाच वेळा बघावं लागतं: दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी. म्हणजे गाडी रुळावर आली की आठवड्याला 180 वेळा कार्ड उचलायचं, रोज पंचवीस-सव्वीस. एका कार्डाला दहा सेकंद धरली तर चार-साडेचार मिनिटं, चुकलेली परत विचारून सात-आठ. हे जेवायला बसायच्या आधी होतं. एक्केचाळीस कार्डांच्या हिशेबानं रोज अठ्ठ्याऐंशी कार्डं येतात, पंधरा मिनिटं नुसती विचारण्यात, आणि खराब कार्डं चुकतातही जास्त. पंधरा दिवसांत डबा ओसंडतो, मग एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी दुप्पट कार्डं दिसतात, आणि तिसऱ्या दिवशी डबा कपाटावर जातो. मी तीन मुलांच्या बाबतीत हे बघितलं आहे.

डबा म्हणजे आमचा चपलांचा खोका. महाद्वार रोडवरून आणलेल्या कोल्हापुरी चपलांचा, अजून थोडा चामड्याचा वास येतो त्याला. आत पुठ्ठ्याचे कप्पे. ही पद्धत जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1970 च्या दशकात लोकांपुढे आणली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, जो जरा उशिरानं उघडायचा, मग त्याच्या पुढच्या. कुठल्याही कप्प्यात चुकलं की थेट पहिल्यात परत. जे येतं ते आपोआप कमी वेळा समोर येतं, जे येत नाही ते रोज डोळ्यांपुढे. मोबाईलवर अँकीसारखी ॲप हेच काम स्वतः हिशेब ठेवून करतात, पण शिकवणीतल्या कार्डांसाठी मला खोका बरा वाटतो. पट्टीवर खाडाखोड दिसते, आणि कुठल्या कार्डाची किती वेळा दुरुस्ती झाली हे मला बघायचं असतं.

चार दिवसांनी भाचीनं एक व्यवहारी सूचना केली. जी कार्डं दोनदा बरोबर आली ती काढून टाकूया, म्हणजे डबा हलका. ऐकायला पटतं. पण यावर प्रयोग झालेला आहे. 2008 साली जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना चाळीस स्वाहिली शब्द त्यांच्या इंग्रजी अर्थांसह शिकवले. एका गटाला, शब्द एकदा बरोबर आला तरी, तो पुन्हा पुन्हा विचारत राहिले. दुसऱ्या एका गटाला एकदा बरोबर आलेला शब्द परत विचारलाच नाही, नुसता वाचायला देत राहिले. शिकून झालं तेव्हा दोन्ही गटांना सगळे शब्द येत होते. आठवड्यानं बघितलं तर पहिल्या गटाला सुमारे 80 टक्के आठवले आणि दुसऱ्याला 36 टक्क्यांच्या आसपास. नुसत्या वाचण्यानं फारसं काही टिकलं नाही, विचारत राहण्यानं टिकलं. म्हणून बरोबर आलेलं कार्ड फेकायचं नाही, फक्त पुढच्या कप्प्यात सरकवायचं.

मात्र एका कार्डानं आम्हाला छळलं. ते बारांत नव्हतंच, पुढच्या बैठकीत आलं: 'विशिष्ट उष्माधारकता म्हणजे काय?' उत्तर छोटं, प्रश्न स्पष्ट, तरी चार दिवस ते रोज चुकून पहिल्या कप्प्यात परत येत होतं. दर वेळी ती अप्रकट उष्म्याचं काहीतरी सांगायची. अशा चिवट कार्डाला मुलं जास्त वेळा घोकतात आणि शिक्षक जास्त वेळा विचारतात. माझा नेम असा की तीनदा ओळीनं चुकलं की कार्ड बाजूला काढायचं आणि एकच विचारायचं: हे चुकताना ती काय म्हणते? कारण बहुधा तिथेच सापडतं.

ती म्हणत होती, 'अवस्था बदलायला लागणारी'. मी विचारलं, "विशिष्ट म्हणजे काय गं?" "विशिष्ट म्हणजे... खास?" तिथे गाठ होती. धड्यात 'विशिष्ट अप्रकट उष्मा' आणि 'विशिष्ट उष्माधारकता' असे दोन शब्द आहेत. तिला 'विशिष्ट' ही त्यांची समान खूण वाटत होती, जणू एकाच कुटुंबाचं आडनाव, म्हणून दोन्ही एकच. खरं तर इथे त्याचा अर्थ साधा आहे: एकक वस्तुमानासाठी, म्हणजे ग्रॅममागे किंवा किलोमागे. जसा बाजारात गुळाचा किलोमागे भाव, तसा. मग आधी त्याचंच एक छोटं कार्ड केलं, आणि जुनं कार्ड उलटं करून लिहिलं: '1 ग्रॅम पदार्थ 1 अंशानं तापवायला लागणाऱ्या उष्णतेला काय म्हणतात?' आता उत्तर 'विशिष्ट उष्माधारकता'. दुसऱ्या दिवशी बरोबर आलं, तिसऱ्या दिवशीही.

एका गोष्टीवर मात्र मी अजून लक्ष ठेवून आहे. जुनी कार्डं ती प्रश्न पुरता वाचण्याआधीच सांगून टाकते. 'काहिलीत' हा शब्द दिसला की 'पाण्याची वाफ'. म्हणजे ती अप्रकट उष्मा आठवत नाही, पट्टीचा चेहरा आठवते. परवा मी ते कार्ड न सांगता बदललं. काहिलीच्या जागी भात शिजणारं उघडं पातेलं घातलं, गॅस बारीक असो वा मोठा, पाणी उकळत असेपर्यंत तापमान तेच का, असं विचारलं. ती नेहमीसारखी बोलायला गेली, थांबली, पट्टी परत वाचली. आणि मग थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, म्हणजे आई गॅस मोठा करते ते उगाच होय?"

मी तिला तो प्रश्न घरी विचारायला सांगितला नाही. पुढच्या बैठकीच्या वहीत मात्र समासात एक टिंब आधीच काढून ठेवलंय.